खुशामतीचे इंग्रजी

फारसी तवारिखांचे इंग्रजी करताना आधी त्यातली खुशामत काढून टाकावी, मग उरलेल्या घटना साफसूफ करून मांडाव्यात, असे मानणारा एक संप्रदाय आपल्याकडे फार बोकाळला आहे. या पंडितांशी माझे भांडण आहे. ते म्हणतात, ‘‘बादशहाची स्तुती हे टरफल, दाणा तेवढा घ्यावा.’’ ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. पण शेंगदाण्याच्या टरफलाची आणि कांद्याच्या पापुद्र्याची गोष्ट वेगळी असते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणत्याही बाईला ठाऊक आहे. कांद्याचे पापुद्रे टरफल समजून काढीत गेलात, तर शेवटी हातात काय उरते? डोळ्यांतले पाणी!

वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या ताटात हा फारसीचा कडबोळा कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण मी तो लांबून आणलेला नाही. धर्माबादेहून सकाळची गाडी धरली आणि नांदेडाहून पुढची मोटार मिळाली, तर दुपारच्या जेवणाला माणूस कंधारला पोचतो. मन्याडकाठचा तो कंधारचा किल्ला, त्याचा तो रुंद खंदक, आपल्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. त्या किल्ल्याला १६३१ साली मोगलांनी वेढा घातला आणि मे महिन्यात तो निजामशाहीकडून घेतला. ही हकीकत आपल्याला कशी कळते? बव्हंशी एका ग्रंथामुळे. तो ग्रंथ म्हणजे अब्दुल हमीद लाहोरी याचा ‘पादशाहनामा’. आणि तो ग्रंथ पहिल्या पानापासून अखेरच्या पानापर्यंत खुशामतीने ओथंबलेला आहे.

हे काही लाहोरीच्या स्वभावातले वैगुण्य नव्हे. शहाजहानला आपल्या आजोबांच्या अकबरनाम्यासारखा ग्रंथ हवा होता. अबुल फजलची ती डौलदार, घडणावळीची भाषा लिहू शकेल असा माणूस शोधता शोधता पाटण्याला निवृत्त होऊन बसलेल्या या म्हाताऱ्याची आठवण कुणीतरी करून दिली आणि त्याला दरबारात बोलावून घेतले. म्हणजे अलंकार हे त्याचे व्यसन नव्हते, ती त्याची नोकरी होती. सोनाराने दागिना घडविला आणि आपण तो वितळवून म्हणालो, ‘‘आता खरे सोने मिळाले,’’ तर सोने मिळाले हे खरे. पण तो दागिना कुणाच्या गळ्यासाठी होता, हे विचारायला जागा उरली नाही.

प्रथम ही भाषा कशी असते ते पाहू. हिला सज्अ म्हणतात, म्हणजे यमके जुळविलेले गद्य. लाहोरीची ओळ मी इथे उतरवीत नाही. त्या धाटणीचे एक वाक्य मीच जुळवून देतो. आमच्या गावातल्या एका वृद्ध मौलवींकडे मी चार हिवाळे फारसी शिकलो. तेव्हा ते मला अशीच वाक्ये करायला लावीत आणि माझ्या यमकांवर मनमुराद हसत. मॅट्रिक झालेल्या मराठी मास्तराची फारसी तेवढीच! तर वाक्य असे :

‘चूं रायाते नुसरत-आयाते बंदगाने दरगाह बर हिसारे आं मकाहीर साया अंदाख्त, व सदाए कोस दर दिले आं गुरोहे खुसरान-पझोह लर्जा अंदाख्त, ब-युम्ने इक्बाले बेजवाल किलीदे किला ब-दस्ते औलियाए दौलते काहिरा उफ्ताद.’

घाबरू नका. यातले निम्मे शब्द तुमच्या घरातले आहेत. फक्त इथे ते वेगळा पोशाख घालून आले आहेत. आधी क्रियापदे शोधायची. फारसीत ती मराठीसारखीच शेवटी येतात, त्यामुळे आपल्याला हे काम साहेबापेक्षा सोपे. ‘अंदाख्त’ म्हणजे टाकले, ते दोनदा आले आहे. ‘उफ्ताद’ म्हणजे पडले. झाले! तीन क्रियापदे, तीन वाक्ये. काहीतरी सावली टाकते, काहीतरी थरकाप टाकते आणि काहीतरी पडते. सांगाडा हाती आला की कितीही लांब वाक्य असले तरी माणूस त्यात बुडत नाही. पानभर लांबीचे वाक्यही असेच सोडवायचे. क्रियापदांखाली रेघ मारावी आणि प्रत्येकाचा कर्ता कोण ते शोधावे. विशेषणांकडे त्यानंतर वळावे.

आता कर्ते पाहा. सावली टाकतात ते ‘रायात’, म्हणजे निशाणे. थरकाप उडविते ती ‘सदाए कोस’, म्हणजे नगाऱ्याची ललकारी. आणि पडते ती ‘किलीदे किला’, म्हणजे किल्ल्याची किल्ली. माणूस कुठे आहे? या संपूर्ण वाक्यात किल्ला घेणारा माणूस नाही! निशाण सावली टाकते, नगारा हृदये हालविते आणि किल्ली आपोआप हातात पडते. कशामुळे पडते? ‘ब-युम्ने इक्बाले बेजवाल’, म्हणजे कधी न ढळणाऱ्या भाग्याच्या पुण्याईने. भाग्य कुणाचे ते सांगायचीही गरज लेखकाला वाटली नाही. इक्बाल म्हटले की तो बादशहाचाच.

आता कात्रीवाले पंडित काय करतात ते ऐका. ते म्हणतात, निशाण-नगारे गेले खड्ड्यात. अर्थ एवढाच की, ‘नसीरीखानाने किल्ला घेतला.’ इंग्रजीत चार-पाच शब्दांत मोकळे! वाक्य स्वच्छ आहे, सुटसुटीत आहे आणि माझ्या मते खोटे आहे. कारण नसीरीखानाने किल्ला घेतला असे दरबारी इतिहासकार म्हणतच नाही. म्हणणार नाही, म्हणूच शकत नाही. १६३१ च्या उन्हाळ्यात बादशहा बऱ्हाणपुराला होता, कंधारपासून सरळ रेषेत पावणेदोनशे-दोनशे मैलांवर. तिथेच त्याच वर्षी जून महिन्यात त्याची बेगम मुमताजमहल बाळंतपणात वारली. सुरुंग लावणारे, खंदकाशी मरणारे, रात्री पहारा करणारे लोक इथे कंधारला होते. आणि तवारीख म्हणते की विजय बऱ्हाणपुराहून आला! ही खुशामत आहे हे खरे. पण मोगली राज्य स्वतःविषयी काय समजत होते याचा यापेक्षा चांगला पुरावा दुसरा कोणता? सरदार हे केवळ हात आहेत, भाग्य एकाच्याच कपाळी आहे, हा त्या राज्याचा पाया होता. ‘नसीरीखानाने किल्ला घेतला’ हे इंग्रजी वाक्य त्या सरदाराला असे श्रेय देऊन टाकते, की ते ऐकून खुद्द नसीरीखानालाच घाम फुटला असता.

हा कात्रीचा उद्योग इंग्रजीत कुणी सुरू केला हेही सांगितले पाहिजे. सर हेन्री इलियट हा कंपनी सरकारचा मोठा अधिकारी. त्याने फारसी तवारिखांचे वेचे इंग्रजीत आणण्याचा घाट घातला. तो १८५३ साली वारला आणि त्याचे कागद जॉन डाउसनने संपादून १८६७ ते १८७७ या दहा वर्षांत आठ जाड खंडांत छापले. कष्ट अफाट आहेत, मी त्यांना हात जोडतो. पण इलियटने १८४९ सालच्या आपल्या प्रस्तावनेत हेतू लपविला नाही. जुन्या राजवटी किती जुलमी होत्या हे वाचून हिंदी प्रजेला इंग्रजी राज्याचे उपकार कळावेत, ही त्याची इच्छा त्याने उघड लिहून ठेवली आहे. आता तुम्हीच सांगा, ज्याला असे दाखवायचे आहे तो वेचे वेचताना काय ठेवील आणि काय टाकील? लढाई, कत्तल, वेढा, दंड हे ठेवील. दरबारी स्तुती, दानधर्म, नावांचे मानपान यांना फुलोरा म्हणून फाटा देईल. आणि पुढे आपले मराठी लेखक फारसी येत नसल्यामुळे याच आठ खंडांवरून आपला इतिहास लिहीत राहिले. साहेबाने चाळून दिलेले पीठ आम्ही मळले आणि म्हटले, ही आमच्या शेतातल्या जोंधळ्याची भाकरी!

हा शाप मराठवाड्याच्याच एका सुपुत्राने बराच उतरविला, हे इथे अभिमानाने नोंदवितो. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी खाफीखान, भीमसेन सक्सेना यांच्यासारख्यांना मूळ फारसीतून थेट मराठीत आणले. पण पगडी मराठीत आणीत होते. मराठीला या भाषेचा निम्मा संसार आधीच माहीत आहे. इंग्रजीची अडचण निराळी.

ती अडचण कशी, ते आपल्या वाक्यावरच पाहू. ‘औलियाए दौलत’ घ्या. मराठी माणसाला अवलिया म्हणजे फकीर, मस्तमौला संत. ‘दरगाह’ म्हणजे आपल्याला पिराची कबर. मग ‘बंदगाने दरगाह’ म्हणजे दर्ग्याचे सेवक आणि ‘औलियाए दौलत’ म्हणजे राज्याचे साधुसंत, असा अर्थ एखाद्या नवशिक्याने केला तर त्याला दोष देऊ नका. परंतु इथे दरगाह म्हणजे बादशहाचा उंबरठा, दरबार. आणि औलिया म्हणजे राज्याचे मित्र, त्याचे अधिकारी. ओळखीचा शब्द अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवितो. अनोळखी शब्दाला माणूस कोश काढतो, ओळखीच्या शब्दाला नुसता राम राम करून पुढे जातो.

आता सर्वांत महत्त्वाची जोडी. ‘मकाहीर’ आणि ‘काहिरा’. आपल्या भाषेत ‘कहर’ आहे ना? ‘पावसाने कहर केला’ म्हणतो तो. अरबीत त्याच धातूपासून ‘काहिर’, म्हणजे चिरडणारा, आणि ‘मकहूर’, म्हणजे चिरडलेला. मकहूरचे अनेकवचन मकाहीर. म्हणजे वाक्याच्या आरंभी शत्रू ‘चिरडलेले’ आहेत आणि शेवटी राज्य ‘चिरडणारे’ आहे. एकाच लोखंडाचा घण आणि ऐरण! गंमत अशी की वाक्याच्या आरंभी किल्ला अजून पडलेलाच नाही. तरी आतले लोक चिरडलेलेच. मोगलांविरुद्ध उभा राहिला की माणूस व्याकरणातच हरतो, लढाई नंतर होते. बहुतेक इंग्रजी भाषांतरांत मकाहीरचे होते ‘द एनिमी’ किंवा ‘द रेबेल्स’ आणि काहिराचे होते ‘व्हिक्टोरियस’. दोन्ही शब्द कोशाप्रमाणे बरोबर! पण जोडी तुटली. जोडी तुटली म्हणजे त्या वाक्यातला उर्मटपणा गेला. आणि उर्मटपणा गेला की कंधारच्या तटावर महिनोन्‌महिने टिकून राहिलेली आपली माणसे नुसता ‘शत्रू’ होऊन बसतात. त्यांच्या बाजूची तवारीख कुणी लिहिली नाही. त्यांच्याविषयी दरबाराने दिलेल्या शिव्या तेवढ्या उरल्या आहेत. त्याही पुसून टाकायच्या? ज्यांनी मोगलांना जास्त छळले त्यांच्या वाट्याला जास्त शिव्या आल्या. मलिक अंबरविषयी जहांगीर काय काय लिहितो ते पाहा. अंबर किती मोठा होता हे त्याच्या स्तुतिपाठकांपेक्षा त्या शिव्याच मोठ्याने सांगतात.

दुसरी टोळी कात्रीवाल्यांच्या उलट. हिला मी हमालांची टोळी म्हणतो. मुळात जितका बोजा आहे तितका उचलून इंग्रजीच्या डोक्यावर ठेवायचा, ही यांची निष्ठा. विजयचिन्हांकित निशाणे, त्या निशाणांचे धनी असलेले दरबाराचे दास, त्या दासांनी वेढलेला तो चिरडलेल्यांचा तट, असे ‘व्हिच’ला ‘व्हिच’ जोडीत दीड पान जाते आणि वाचक किल्ल्यापर्यंत पोचण्याआधीच झोपी जातो. फारसीत हे खपते, कारण तिथे यमक वाचकाला बोट धरून नेते. रायात म्हटले की कान आयातची वाट पाहतो; गुरोह म्हटले की पझोह येणार हे कळते. नादाच्या त्या पायऱ्या इंग्रजीत नाहीत. पायऱ्या काढून घ्यायच्या आणि म्हाताऱ्याला माडीवर चढ म्हणायचे, असला हा प्रकार. शिवाय त्या भाषांतरात खुशामतही राहत नाही, तिचे हसे होते. मूळ ऐकणारा दरबारी मान डोलवीत असे. हे इंग्रजी वाचणारा तोंडाला रुमाल लावतो. आदराचा विनोद झाला, तर ते प्रामाणिक भाषांतर कसले?

मग करायचे काय? माझा मार्ग सांगतो. तो मी काढलेला नाही. तो शहाजहानच्या राजवाड्यातच निघालेला आहे. बादशहाच्या ग्रंथालयाचा दारोगा इनायतखान याला लाहोरीचा ग्रंथ फार जड वाटला आणि त्याने त्याच हकिगती सोप्या फारसीत थोडक्यात लिहून काढल्या. भाषा त्याने सैल केली. पण बादशहाचा मान तिळभर कमी केला नाही. करतो कसा? मान कमी केला असता तर मानच गेली असती! म्हणजे बोजडपणा आणि खुशामत या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या काळच्या दरबाऱ्यालाच ठाऊक होते. आमच्या पंडितांना ते अजून कळायचे आहे. इनायतखानाच्या या ग्रंथाचे फुलरने केलेले एकोणिसाव्या शतकातले जुने इंग्रजी भाषांतर बेगली आणि देसाई यांनी सुधारून १९९० साली छापले. जिज्ञासूंनी ते लाहोरीच्या शेजारी ठेवून वाचावे.

तेव्हा प्रत्येक जोडशब्दाला एकच प्रश्न विचारायचा : तू माणसागणिक बदलतोस की नाही? ‘फतह व नुसरत’ असे दोन शब्द आले, दोन्हींचा अर्थ विजयच, आणि शहाजाद्यालाही तेच, सरदारालाही तेच, तर एकाने भागवावे. तिथे दुसरा शब्द केवळ तालासाठी आला आहे. पण जो शब्द बादशहाला एक, शहाजाद्याला दुसरा, सरदाराला तिसरा आणि शत्रूला चौथा असतो, त्याला हात लावायचा नाही. त्याच्यासाठी इंग्रजीत एक ठरावीक शब्द निवडायचा आणि सबंध ग्रंथभर तोच वापरायचा. पहिल्या पानावर एक आणि चाळिसाव्या पानावर कंटाळा आला म्हणून दुसरा, असे करायचे नाही. मग लाहोरीने स्वतः शब्द बदलला की इंग्रजी वाचकालाही तो बदल दिसतो. आणि लाहोरीने शब्द बदलला की समजावे, दरबारात काहीतरी हालले आहे.

हे आपल्याला नवे आहे का? आपल्या जुन्या पत्रांतले मायने आठवा. ‘राजमान्य राजेश्री’ कुणाला लिहायचे, ‘तीर्थरूप’ कुणाला आणि ‘चिरंजीव’ कुणाला, यात चूक झाली तर भाऊबंदकी पेटत असे. लग्नपत्रिकेतले ‘चि. सौ. कां.’ घ्या. मुलगी अजून कुमारी आहे, तरी पत्रिका तिला सौभाग्यवती व्हायच्या वाटेवर नेऊन बसविते. परदेशातल्या पाहुण्यांसाठी त्याचे इंग्रजी ‘मिस’ झाले की आजीबाई कपाळाला हात लावतात. त्यांना व्याकरण शिकविलेले नसते. पण मान आणि माहिती एकाच शब्दात राहतात हे त्यांना पक्के माहीत असते.

माहिती म्हणजे अगदी साधी, नावगावाची माहिती म्हणतो मी. मोगल तवारिखांत मेलेल्या बादशहाचे नाव सहसा घेत नाहीत. बाबर हा ‘फिर्दौस-मकानी’, हुमायून ‘जन्नत-आशियानी’, अकबर ‘अर्श-आशियानी’ आणि जहांगीर ‘जन्नत-मकानी’. सगळ्यांचा अर्थ स्वर्गात घर केलेला, स्वर्गात घरटे बांधलेला असाच काहीसा. कात्रीवाल्याने ‘स्वर्गवासी बादशहा’ म्हणून सगळ्यांना एकाच खाटेवर झोपविले की संपले! कौल अकबराने दिला की जहांगिराने, ही बक्षिशी आजाची की बापाची, काही कळायला मार्ग नाही. हुमायून आणि जहांगीर यांच्यात तर फक्त ‘आशियानी’ आणि ‘मकानी’ एवढाच फरक. डुलकी लागली की साठ-सत्तर वर्षांची चूक. खुशामतीचा फुलोरा म्हणून जो शब्द टाकला, तोच त्या माणसाचा पत्ता होता. तसेच ‘बुलंद-इक्बाल’. दिसायला विशेषण, पण १६५५ साली दारा शुकोहला ‘शाह-इ-बुलंद-इक्बाल’ हा किताबच दिला. त्यानंतरच्या कागदात ‘थोर भाग्याचा शहाजादा’ असे इंग्रजी करणारा वारसाहक्काचा सगळा झगडा एका विशेषणात गमावून बसतो.

आपल्या भागातलेच आणखी एक पाहा. १६३१ साली कंधार घेणारा नसीरीखान पुढच्या पानांत एकाएकी नाहीसा होतो आणि १६३६ साली उदगीर व औसा घेणारा खानदौरान उगवतो. हे दोघे नव्हेत, एकच आहे. मधल्या काळात किताब बदलला. उदगीरचा किल्लेदार सिद्दी मिफ्ताह लढत होता तोवर चिरडलेल्यांपैकी होता. किल्ला हवाली करून चाकरीत आला आणि ‘हबशखान’ झाला. माणूस तोच, तट तोच, शब्द बदलला. या दोन शब्दांच्या मधल्या जागेत शरणागती आहे, मनसब आहे, एका हबशी सरदाराचे सारे आयुष्य आहे. भाषांतरकाराने दोन्हीकडे ‘द कमांडर’ लिहिले तर तो शब्द चुकला असे म्हणता येणार नाही. पण गोष्ट मात्र हरवली.

खुशामतीतून आकडेही निसटतात. त्याच सुमारास गुजरात-दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला होता. बऱ्हाणपुराला गोरगरिबांना दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, असे वीस सोमवार मिळून एक लाख वाटले, अशी नोंद आहे. सोमवारच का? कारण बादशहाच्या तख्तनशिनीचा तो वार म्हणून त्याचे माहात्म्य. हे स्तुतीचे शेपूट छाटले तर सोमवार हा नुसता बाजाराचा वार उरतो. मी ही नोंद दानशूरपणाची पावती म्हणून देत नाही; एवढ्या मुलखाच्या उपासमारीत लाख रुपये किती पुरले असतील, ते कोणीही हिशेब करावा. पण भुकेल्याला पैसा भुकेच्या हिशेबाने मिळत नव्हता, तो बादशहाच्या शुभवाराच्या हिशेबाने मिळत होता, ही गोष्ट मला त्या स्तुतीनेच सांगितली. खुशामत ठेवा म्हणतो ती बादशहावरच्या प्रेमाने नव्हे. आरोपीची जबानी त्याच्याच शब्दांत घ्यावी लागते म्हणून.

आता आमच्या वाक्याचे इंग्रजी करून दाखवितो, नाहीतर म्हणाल, मास्तर नुसते फळ्यावर ओरडतात. मी त्याची दोन वाक्ये करतो. फारसीची तीन क्रियापदे जशी आली त्याच क्रमाने ठेवतो, कारण किल्ली शेवटी पडली पाहिजे. ती आधी पडली तर नगारे कशासाठी वाजले? ‘द व्हिक्टरी-बेअरिंग बॅनर्स ऑफ द कोर्ट्स सर्व्हंट्स शॅडोड द वॉल्स ऑफ द क्रश्ड, अँड द ड्रम्स सेट दॅट रुइन-सीकिंग रॅबल ट्रेम्बलिंग. देन, बाय अ फॉर्च्यून दॅट नोज नो आफ्टरनून, द की ऑफ द फोर्ट फेल इन्टू द हँड्ज ऑफ द फ्रेंड्ज ऑफ द क्रशिंग स्टेट.’

गुरोह-पझोहचे यमक मी इंग्रजीत केले नाही. इंग्रजी गद्यात यमक आले की बालगीत वाटते. पण त्या भाषेची स्वतःची एक जुनी खोड आहे, शब्दांच्या आरंभीचे अक्षर जुळविण्याची. म्हणून ‘रुइन’ला ‘रॅबल’ जोडला. कानाला टाळी मिळाली, बालगीत झाले नाही. ‘जवाल’ म्हणजे सूर्याचे माथ्यावरून ढळणे. ‘बेजवाल’चे ‘एव्हरलास्टिंग’ केले असते तर ते कुठल्याही देवळाच्या पाटीवर चालले असते. म्हणून ज्या भाग्याला तिसरा प्रहर ठाऊक नाही, असे केले. सूर्य जागेवर राहिला. ‘क्रश्ड’ आणि ‘क्रशिंग’ने घण आणि ऐरण परत जोडली. आणि नसीरीखान मुळात नव्हता, तो मी घुसडला नाही. त्याला तळटिपेत बसविले, तिथे तो खूष आहे.

काही गेले ते गेलेच. ‘आयात’ म्हणजे खुणा, तशाच कुराणातल्या आयताही. विजयाच्या आयता मिरविणारे निशाण, हा दुहेरी अर्थ इंग्रजीत काही केल्या बसत नाही. तो मी सोडून दिला आणि सोडल्याची टीप दिली. तेवढी कबुली कात्रीवाल्यांनी प्रत्येक पानाखाली दिली असती, तर माझे त्यांच्याशी भांडणच नव्हते.

एक शेवटची तक्रार. कंधार हे नाव फारसीत अफगाणिस्तानातल्या कंदाहारसारखेच लिहितात, अक्षर न्‌ अक्षर तेच. दोन्ही किल्ल्यांवर शहाजहानचा डोळा होता. तिकडचा त्याला १६३८ साली मिळाला आणि १६४९ साली हातचा गेला. दरबारी लेखक आपल्या कंधारला तेलंगणातला मोठा किल्ला म्हणून वेगळा काढतो. त्या काळच्या मोगली सुभ्यात आपला नांदेड-कंधारचा मुलूख तेलंगणातच धरीत. २०१४ साली झालेल्या राज्याशी त्याची गल्लत करू नये. किल्ल्याच्या वर्णनाला जोडलेली ती बिरुदांची माळ फुलोरा म्हणून कापली की मागे नुसते ‘कंदाहार’ उरते आणि आमचा किल्ला अफगाणिस्तानात जाऊन पडतो. पादशाहनाम्याची शहाजहानसाठी केलेली सचित्र प्रत अयोध्येच्या नबाबाने १७९९ साली इंग्लंडच्या राजाला नजर केली. ती आज विंडसरच्या राजवाड्यात आहे. तीत पयाग नावाच्या चिताऱ्याने काढलेले या वेढ्याचे चित्र आहे. आमच्या मन्याडकाठच्या किल्ल्याचे ते चित्र ‘सीज ऑफ कंदाहार’ या नावाने छापले जाते. त्या नावाखाली ते पाहणाऱ्या किती जणांच्या मनात अफगाणिस्तान येत असेल, आणि किती जणांच्या मनात नांदेड जिल्हा?